टिफिनचं महिन्याचं बिल दर वेळी जुळत नाही: खाड्यांची नोंद नेमकी कुठे बिघडते

महिना संपला की बिलं काढायची, पुढचे दोन-तीन दिवस चार-पाच ग्राहकांशी खाड्यांवरून बोलाचाली करायची आणि शेवटी "जाऊ द्या, तुमच्या हिशोबाने द्या" म्हणून विषय मिटवायचा, हे ज्यांच्याकडे दर महिन्याला होतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ओळखीच्या मेसवाल्यांची गूगल शीट्समधली हिशोबाची शीट मी बघून देते. त्यात सूत्र चुकलेलं फार क्वचित सापडतं. बेरीज बरोबर असते, दर बरोबर असतो, तरी ग्राहकाचा आकडा वेगळा आणि शीटचा वेगळा. बहुतेक वेळा याचं कारण एकच निघतं: शीट दिवस मोजत असतं आणि डबे मात्र वेळेप्रमाणे जात असतात, दुपारचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक छोटं काम करा. ग्राहकाने सांगितलेली रक्कम आणि तुमच्या शीटने काढलेली रक्कम यांतला फरक घ्या आणि त्याला एका डब्याच्या दराने भागा. येणारा आकडा बरंच काही सांगतो. दोन, तीन, पाच असा लहान पूर्णांक आला तर गोंधळ खाड्यांच्या नोंदीत आहे. नेमका एकच डबा कमी-जास्त असेल तर महिन्याची पहिली किंवा शेवटची तारीख तपासा, नाहीतर पाहुण्याचा एखादा जादा डबा. बिल अर्ध्याहूनही कमी आलं असेल, किंवा एखाद्या ग्राहकाचं जवळजवळ शून्य निघालं असेल, तर खाडे बघत बसू नका, तारखा बिघडल्या आहेत. आणि पूर्णांकच येत नसेल तर मध्येच दर बदलला आहे किंवा मागची बाकी मिसळली आहे.

सगळ्यात जास्त आढळतो तो पहिला प्रकार, म्हणून तो सावकाश बघू.

एका ग्राहकाचा नोव्हेंबर

समजा G14 क्रमांकाचा ग्राहक दोन वेळचा आहे, दर डब्याला 70 रुपये. पुण्यात बऱ्याच मेसचा रिवाज असतो तसा इथेही रविवारी दुपारी डबा आणि रात्री सुट्टी. नोव्हेंबर 2025 मध्ये 30 दिवस, म्हणजे 60 वेळा. रविवार पाच आले: 2, 9, 16, 23 आणि 30. त्या पाच रात्री वजा केल्या तर महिन्यात देण्यासारखे 55 डबे उरतात.

या महिन्यात त्याच्या बाबतीत तीन गोष्टी झाल्या. 6 तारखेला, गुरुवारी, सकाळी सव्वाअकराला त्याचा मेसेज आला की आज दुपारी डबा नको. मेसचा नियम असा की दुपारच्या डब्याचं आदल्या रात्री कळवायचं, त्यामुळे तो खाडा धरायचा नव्हता. मग 14 तारखेला, शुक्रवारी, दुपारचा डबा घेऊन तो गावी गेला आणि 17 तारखेला, सोमवारी, रात्रीच्या डब्याला हजर झाला. हे त्याने वेळेत कळवलं होतं. आणि 25 तारखेला रात्री पाहुणा आला म्हणून त्याने एक डबा जादा मागवला.

मेसच्या शीटमध्ये खाड्यांसाठी "पासून" आणि "पर्यंत" असे दोन रकाने होते. गावी गेल्याची नोंद 14 ते 17 अशी झाली. सूत्राने चार दिवस मोजले, दोन वेळा धरून 8 डबे वजा केले. 6 तारखेची नोंद 6 ते 6 अशी झाली, तिचे 2 डबे वजा झाले. सुट्टीच्या 5 रात्री वेगळ्या वजा झाल्याच होत्या. 60 मधून 5, 8 आणि 2 गेले, 45 उरले, जादाचा 1 मिळवून 46. बिल 3220 रुपये.

आता बोटांवर मोजू. तो गावी होता तेव्हा न गेलेले डबे कोणते? शुक्रवार रात्र, शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवार दुपार, सोमवार दुपार. पाच. शुक्रवारची दुपार त्याने घेतली होती, सोमवारची रात्रही घेतली होती, आणि रविवारची रात्र मुळात सुट्टीची, ती एकदा वजा झालेली असताना खाड्यातही पुन्हा वजा झाली. म्हणजे 8 ऐवजी 5. आणि 6 तारखेच्या दुपारचे पैसे नियमाप्रमाणे लागणार, रात्रीचा डबा तर त्याने घेतलाच होता, म्हणून तिथे 2 ऐवजी 0. खरा हिशोब 55 मधून 5 वजा, अधिक जादाचा 1, एकूण 51 डबे, 3570 रुपये.

मेसचं साडेतीनशे रुपयांचं नुकसान झालं, एका ग्राहकामागे एका महिन्यात. ग्राहक स्वतः मोजत होता तो 50 धरत होता, म्हणजे 3500 रुपये, कारण 6 तारखेचा न खाल्लेला डबा त्याच्या मते खाडा होता. आता त्याला 3220 चं बिल गेलं असतं तर तो काही बोलला नसता. या दुखण्याची खरी अडचण इथे आहे. बिल जास्त गेलं की ग्राहक लगेच फोन करतो, कमी गेलं की कोणी करत नाही. त्यामुळे तक्रारी सोडवत बसलं तर अर्धेच बिघाड सापडतात, आणि सापडत नाहीत ते सगळे मेसच्या खिशातून जाणारे असतात. "तक्रार नाही म्हणजे हिशोब बरोबर" हे या धंद्यात धरून चालता येत नाही.

"पासून-पर्यंत" या पद्धतीत आणखी दोन खड्डे आहेत. ग्राहक आधी सांगतो 15 ते 17 नको, मग फोन करून म्हणतो एक दिवस वाढला. घाईत दुसरी ओळ पडते 15 ते 18, आणि पहिली तशीच राहते. तीन दिवस दोनदा वजा होतात. दुसरं, सुट्टी 28 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर अशी महिन्यावर पसरली की सूत्र सुरुवातीच्या तारखेवरून सगळे खाडे नोव्हेंबरमध्ये टाकतं. डिसेंबरमध्ये कोणीतरी ते आठवणीने पुन्हा लिहितं आणि एकच खाडा दोन बिलांतून जातो.

एका डब्याला एक ओळ

हे सगळे खड्डे वेगवेगळे बुजवत बसण्यापेक्षा नोंदीची पद्धत बदललेली बरी. प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक वेळेला एक ओळ. शीटला `Nond` नाव द्या आणि पाच रकाने ठेवा: A मध्ये तारीख, B मध्ये ग्राहकाचा क्रमांक, C मध्ये दुपार की रात्र, D मध्ये स्थिती, E मध्ये डब्यांची संख्या. सहावा रकाना शेऱ्यासाठी, त्याचं काम पुढे सांगते.

स्थितीला चारच अक्षरं पुरतात. `D` म्हणजे डबा दिला. `K` म्हणजे खाडा, पैसे लागणार नाहीत. `N` म्हणजे डबा घेतला नाही पण खाडा धरला नाही, पैसे लागतील. `S` म्हणजे मेसची सुट्टी. ही अक्षरं हाताने टाईप करू देऊ नका, `Data validation` लावून यादीतूनच निवडायला लावा. "D" च्या मागे एक रिकामी जागा पडली तरी `SUMIFS` ला ती वेगळी नोंद वाटते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

`N` वेगळा ठेवायचं कारण असं की बहुतेक शीटमध्ये "दिला" आणि "नाही दिला" एवढंच असतं. मग उशिरा कळवलेला डबा कुठे लिहायचा? "दिला" लिहिला तर ग्राहक म्हणतो मी त्या दिवशी नव्हतोच, आणि तो खरं बोलत असतो. "नाही दिला" लिहिला तर पैसे जातात. काही मेसमध्ये सलग तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरी खाडा म्हणून धरत नाहीत, तेही `N` मध्येच बसतं. खाडा धरायचा की नाही हे सूत्रावर सोडू नका, असं माझं ठाम मत आहे. ग्राहक आजारी असतो, घरी कोणी गेलेलं असतं, मेसवाली काकू नियम बाजूला ठेवून खाडा धरते. तो निर्णय माणसाने घ्यावा आणि शीटने फक्त तो लक्षात ठेवावा.

ओळी कधी तयार करायच्या यावरही मतभेद आहेत. काही जण महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या ओळींत `D` भरून ठेवतात आणि खाडा आला की बदलतात. मला हे पटत नाही. विसरलेला खाडा आणि खरा दिलेला डबा दोन्ही सारखेच दिसायला लागतात. त्यापेक्षा ओळी तयार ठेवा पण स्थिती रिकामी ठेवा. डबे पोचवणारा फेरी करून परत आला, किती डबे गेले हे त्याने सांगितलं, की मग त्या वेळेच्या सगळ्या ओळींत एकदम `D` ओढा आणि जे अपवाद आहेत तेवढे बदला. रिकामी ओळ राहिली तर ती रिकामी दिसते, निदान विचारता तरी येतं.

बिलाच्या शीटमध्ये `B1` ला महिन्याची पहिली तारीख ठेवा, A रकान्यात चौथ्या ओळीपासून ग्राहकांचे क्रमांक. मग दिलेले डबे असे:

```
=SUMIFS(Nond!$E:$E, Nond!$B:$B, $A4,
  Nond!$A:$A, ">="&$B$1,
  Nond!$A:$A, "<"&EDATE($B$1,1),
  Nond!$D:$D, "D")
```

शेवटचं अक्षर बदलून `"N"` केलं की खाडा न धरलेले डबे मिळतात. या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे बिलाचे डबे. E रकान्यात नेहमी 1 असतो, पाहुणा आला की त्याच ओळीत 2 करायचा. नवी ओळ टाकायची नाही. G14 चे दिलेले डबे अशा रीतीने 50 येतात, त्यात `N` चा 1 मिळवून 51.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपेक्षा "लहान" अशी अट मुद्दाम लिहिली आहे. 30 तारखेपेक्षा "लहान किंवा तितकीच" लिहिलं आणि तारखेसोबत वेळही साठलेली असली, तर 30 तारखेचे डबे गळतात. 30 तारीख रात्री 8 ही शीटच्या लेखी 30 तारखेपेक्षा मोठी असते.

आता पडताळा. `SUMIFS` डबे मोजतं, पण पडताळ्यासाठी ओळी मोजायच्या, म्हणून तिथे `COUNTIFS` वापरा आणि चारही अक्षरांच्या ओळींची बेरीज घ्या. पूर्ण महिना असलेल्या दोन वेळच्या ग्राहकाची ही बेरीज दिवसांच्या दुप्पट यायलाच हवी. G14 च्या `D` च्या ओळी 49, `N` ची 1, `K` च्या 5, `S` च्या 5, एकूण 60. नोव्हेंबरला 60 आली म्हणजे एकही वेळ सुटलेली नाही. 58 आली तर दोन ओळी रिकाम्या आहेत, 61 आली तर एक ओळ दोनदा पडली आहे. दोनदा पडलेली ओळ शोधायला `Nond` मध्येच एका कडेच्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून हे खाली ओढा:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,C:C,C2)
```

जिथे 1 पेक्षा मोठा आकडा दिसेल ती नोंद दुहेरी आहे. महिन्याच्या मध्येच सुरू झालेल्या किंवा बंद झालेल्या ग्राहकासाठी 60 च्या जागी त्याच्या दिवसांची दुप्पट धरायची, एवढाच फरक.

हा पडताळा ग्राहकाच्या बाजूने झाला. यात एक गोष्ट पकडली जात नाही: ओळ आहे, अक्षरही आहे, पण अक्षरच चुकलं. खाडा असताना `D` पडला किंवा उलट. त्यासाठी दुसऱ्या बाजूने मोजावं लागतं. स्वयंपाकघराच्या दारात एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी दाराबाहेर किती डबे गेले एवढाच आकडा लिहा. भरलेले डबे लिहू नका, बाहेर गेलेले लिहा, कारण उशिरा मेसेज आला की भरलेला डबा ओट्यावरच राहतो. त्या तारखेच्या त्या वेळेच्या `D` असलेल्या E रकान्याची बेरीज वहीतल्या आकड्याशी जुळली पाहिजे. वही आणि शीट वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असली तरच याचा उपयोग. शीट बघून वही भरली तर दोन्हीकडे तीच चूक उतरते. आणि हे त्याच रात्री करा, महिन्याच्या शेवटी नाही. आज एक डबा कमी आला तर कोण नव्हतं हे आज आठवतं.

तारखा उलटल्या असतील तर

आता तो प्रकार, ज्यात बिल एकदम अर्ध्याहून कमी किंवा शून्याजवळ येतं. गूगल शीट्समध्ये प्रत्येक फाईलची एक प्रादेशिक सेटिंग असते. तुमच्या अकाउंटची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल किंवा इंटरनेटवरून कोणाचा तयार नमुना कॉपी केला असेल, तर ती अमेरिकेची असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. तुम्ही 06/11/2025 लिहिलं की शीट ते 11 जून समजतं. 14/11/2025 लिहिलं तर चौदावा महिना नसतो, म्हणून शीट ती तारीखच मानत नाही, साधा मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे 1 ते 12 तारखांच्या नोंदी वर्षभर विखुरतात, 13 पासून पुढच्या कुठल्याच महिन्यात जात नाहीत, आणि फक्त 11 नोव्हेंबर योगायोगाने बरोबर बसते.

सगळ्याच नोंदी अशा बिघडल्या तर लगेच कळतं. त्रास होतो तो अर्धवट बिघाडाचा. कॉम्प्युटरवर बसणारी व्यक्ती कॅलेंडर उघडून तारीख निवडते, तिच्या नोंदी बरोबर पडतात. फोनवरून टाईप करणाऱ्या मुलाच्या उलटतात. मग काही ग्राहकांची बिलं ठीक आणि काहींची विचित्र, आणि दोष त्या मुलावर येतो, जो रोज व्यवस्थित तारीख लिहीत असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. A रकान्याला डावी-उजवी मांडणी हाताने लावलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. रकान्यात काही तारखा डावीकडे दिसल्या की समजा. नेमक्या किती आहेत हे असं कळेल, पहिली ओळ मथळ्याची धरून:

```
=COUNTA(Nond!A2:A)-COUNT(Nond!A2:A)
```

उत्तर 0 हवं. जेवढं येईल तेवढ्या नोंदी मजकूर म्हणून पडून आहेत.

दुरुस्ती दोन टप्प्यांत करायची. आधी फाईलची एक प्रत काढून ठेवा. मग `File > Settings` मध्ये `Locale` ला `India` करा. इथे अनेकांना वाटतं काम झालं, पण आधी पडलेल्या नोंदी याने सुधारत नाहीत. 11 जून समजलेली नोंद 11 जूनच राहते, फक्त आता 11/06/2025 अशी दिसायला लागते. डावीकडे चिकटलेल्या नोंदींसाठी मोकळ्या रकान्यात `=DATEVALUE(A2)` ओढा, भारताची सेटिंग असल्यामुळे आता ती बरोबर वाचली जाते. उत्तर साध्या संख्येसारखं दिसेल, त्याला तारखेचं स्वरूप द्या. उलटलेल्या तारखांसाठी दिवस आणि महिना अदलाबदल करायचे:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

हे सूत्र सगळ्या रकान्यावर डोळे मिटून चालवू नका, कॅलेंडरमधून निवडलेल्या बरोबर तारखा त्याने बिघडतील. फाईलमध्ये फक्त नोव्हेंबरच्या नोंदी असतील तर वेगळं करणं सोपं जातं. ज्या तारखेचा महिना नोव्हेंबर दिसतो ती बरोबर, जिचा महिना दुसरा आणि दिवस 11 दिसतो ती उलटलेली. गाळणी लावून फक्त दुसऱ्या प्रकारच्या ओळींवर सूत्र चालवा आणि निघालेली उत्तरं मूल्य म्हणून A रकान्यात चिकटवा. वर्षभराची फाईल असेल तर मात्र असं ठरवता येत नाही, कारण 11 जूनही खरी असू शकते. तिथे एकेका आठवड्याच्या नोंदी दारातल्या वहीशी लावून बघण्याला पर्याय नाही.

त्याच सेटिंगच्या पानावर `Time zone` असतो, तोही भारताचा आहे ना बघून घ्या. डबे पोचवणारा मुलगा गूगल फॉर्म भरत असेल तर शीटमध्ये तारीख-वेळ आपोआप पडते, आणि ती फाईलच्या वेळेप्रमाणे पडते. फाईल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर असेल तर आपल्याकडच्या 1 तारखेच्या दुपारी बाराला तिथे अजून आदला दिवस चालू असतो. 1 तारखेचा दुपारचा डबा मागच्या महिन्याच्या बिलात जातो. "नेमका एक डबा कमी" या तक्रारीमागे कधी कधी हे असतं. शिवाय फॉर्म कधी भरला हे डबा कधी दिला याच्याइतकं भरवशाचं नसतं. रात्रीची फेरी संपवून बारा वाजून गेल्यावर फॉर्म भरला तर तारीख पुढची पडते. डब्याची तारीख फॉर्ममध्ये वेगळी विचारा आणि बिल त्याच रकान्यावरून काढा.

उरलेला वाद नियमाचा असतो

नोंदी नीट झाल्यावर G14 चा आणि मेसचा आकडा 50 आणि 51 असा राहतो. हा एक डबा मोजणीने सुटणारा नाही, तो 6 तारखेच्या सव्वाअकराच्या मेसेजचा आहे. म्हणून शेऱ्याचा रकाना. `N` लिहिलात की त्याच ओळीत "सकाळी 11:15 ला मेसेज" असं लिहून ठेवा, लगेच. महिन्याच्या शेवटी फोन चाळत मेसेज शोधायची वेळ येत नाही. आणि बिल पाठवताना नुसती रक्कम पाठवू नका, फोड पाठवा:

"नोव्हेंबर: दिलेले डबे 50 (25 तारखेच्या जादा डब्यासह). 6 तारीख दुपार उशिरा कळवल्यामुळे धरलेला 1. खाडे 5: 14 रात्र ते 17 दुपार, रविवार रात्र सुट्टी. एकूण 51 × 70 = 3570 रुपये."

या मेसेजवर ग्राहक फार तर 6 तारखेबद्दल बोलेल. ते बोलणं सरळ आहे, तुम्ही खाडा धराल किंवा धरणार नाही. धरलात तर त्या ओळीत `N` चा `K` करा, बिल आपोआप 3500 होतं. रकमेतून 70 रुपये हाताने कमी करू नका. तसं केलं की शीटमधले डबे आणि घेतलेले पैसे कायमचे वेगळे होतात आणि पुढच्या महिन्यात मागची बाकी म्हणून तेच 70 रुपये पुन्हा वर येतात.

दराचंही असंच. दर एकाच खणात ठेवून सगळ्या बिलांना तिथूनच घेतला असेल, तर 70 चा 75 केल्या क्षणी मागची सगळी बिलंही 75 ने दिसायला लागतात. दर `Nond` च्या प्रत्येक ओळीत आकडा म्हणून लिहिला तर 16 तारखेपासून दर वाढला तरी काही बिघडत नाही. प्रत्येक ओळीत संख्या गुणिले दर काढायचे आणि बिलात त्यांतल्या `D` आणि `N` च्या ओळींची बेरीज घ्यायची.

60 डब्यांचं कार्ड देणाऱ्यांना महिन्याची अट लागतच नाही. `SUMIFS` मधून तारखेच्या दोन अटी काढून कार्ड सुरू झालेल्या तारखेची एकच ठेवा आणि `D` व `N` ची बेरीज 60 ला पोचली की कार्ड संपलं. खाड्यांमुळे कार्ड आपसूक लांबतं, वेगळी मुदतवाढ मोजत बसावं लागत नाही.

पैसे जमा झाले की त्या महिन्याच्या ओळींना `Protect range` लावून कुलूप घाला. त्यानंतर एखादा राहिलेला खाडा लक्षात आला तर जुनी ओळ उघडू नका, चालू महिन्याच्या बिलात मागची वजावट म्हणून वेगळा रकाना ठेवून तिथे लिहा, कुठल्या तारखेची ते सांगून. ओळींची संख्या वाढेल याची चिंता बरेच जण करतात. 50 ग्राहकांच्या दोन वेळा म्हणजे महिन्याला साधारण 3000 ओळी, वर्षाला 36,000. गूगल शीट्सच्या मर्यादेपासून हे फार लांब आहे, पण साध्या फोनवर फाईल उघडायला वेळ लागायला लागतो. तेव्हा दर वर्षी नवी फाईल सुरू करा, आणि तिच्यात पहिली ओळ लिहिण्याआधी `Locale` आणि `Time zone` बघून घ्या.